फोटोतून मांडणी, तुकड्यातून रंग

श्रावण लागला की फोनमध्ये गणपतीच्या आराशीचे फोटो साठायला लागतात. कुणाच्या स्टेटसवरचा मखर, इन्स्टाग्रामवर सेव्ह केलेली पैठणीची पार्श्वभूमी, पिंटरेस्टवरची केळीची पानं, मावशीने ग्रुपवर टाकलेला मागच्या वर्षीचा गौरींचा थाट. बघता बघता सव्वाशे-दीडशे होतात. मग एखाद्या रविवारी ठाण्याच्या जांभळी नाक्यावर किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये जाऊन फोन पुढे करायचा आणि म्हणायचं, "असं काहीतरी द्या." दुकानदार त्यातल्या त्यात जवळचं कापड काढून देतो. घरी येऊन ते भिंतीवर लावलं, संध्याकाळी दिव्यांची माळ सुरू केली, की फोटोतला तो खोल हिरवा कुठेच दिसत नाही. भिंतीवर असतो एक मळकट, काळपट पडदा. कापड वाईट नसतं, दुकानदारानेही फसवलेलं नसतं. चूक एवढीच झालेली असते, की रंग फोटोतून घेतलेला असतो.

फोटोतून मांडणी घ्यावी, रंग घेऊ नये. रंग घ्यायचा तो कापडाच्या तुकड्यातून, आणि तोही ज्या कोपऱ्यात बाप्पा बसणार त्या कोपऱ्यात, आरतीच्या वेळेच्या उजेडात. खरेदीआधी जो मूड बोर्ड करायचा तो या दोन गोष्टी एका पुठ्ठ्यावर समोरासमोर आणण्यासाठी. शब्द नवा असला तरी रीत आपल्या घरातलीच आहे. ब्लाउजपीस घ्यायला मॅचिंग सेंटरमध्ये जाताना आई साडीच पिशवीत घालून नेते, साडीचा फोटो नेत नाही. मूड बोर्ड म्हणजे तीच पिशवी, फक्त एका साडीऐवजी पूर्ण कोपऱ्यासाठी.

फोटोतला रंग फसवा का असतो, ते आधी नीट समजून घ्यायला हवं. फोनचा कॅमेरा समोरच्या उजेडाचा अंदाज घेऊन रंग स्वतःच दुरुस्त करतो. पिवळ्या दिव्यांखाली काढलेला फोटो तो थोडा निळसर करतो, ट्यूबलाइटखालचा थोडा उबदार. टाकणाऱ्याने वर फिल्टर चढवलेला असतो. शेवटी तो आपल्या पडद्यावर येतो, आणि तिथे रात्रीचा पिवळसर मोड चालू असला तर आणखी एक पट चढतो. एकाच खणाचे चार घरांतले चार फोटो चार रंगांचे दिसतात ते यामुळे. शब्दांवरही भिस्त ठेवता येत नाही. 'मोरपंखी' म्हटल्यावर एकीच्या डोळ्यांपुढे निळा येतो, दुसरीच्या डोळ्यांपुढे हिरवा. 'आमसुली', 'वांगी', 'अंजिरी' हे रंग दोघी जावा वेगवेगळे ओळखतात आणि दोघींचंही बरोबर असतं. तुकडा समोर ठेवला की वाद उरत नाही.

आता एक घर धरून चालू. घोडबंदर रोडवरचा टू बीएचके, हॉलची गणपतीची भिंत १० फूट रुंद, रंग क्रीम. समोरच्या बाजूला बाल्कनीचं सरकतं दार, म्हणजे दिवसा उजेड समोरून येतो. गौरी-गणपती, त्यामुळे एक फुटी शाडूची मूर्ती आणि तिच्या दोन बाजूंना उभ्या गौरी. घरातल्यांनी तोंडी ठरवलेली थीम 'राजवाडा': कमानी, खांब, मरून आणि सोनेरी. आणि फोनमध्ये साठलेले १४० फोटो.

सुरुवात या फोटोंपासून करायची नाही. आधी बोर्डावर जाणार त्या गोष्टी ज्या बदलणार नाहीत. मूर्ती महिनाभर आधीच ठरवून ठेवलेली असते, तिच्या पितांबराचा आणि शेल्याचा रंग ठरलेला असतो. भिंतीचा रंग ठरलेला. फरशी ठरलेली. गौरींच्या साड्या बहुतेक घरांत कपाटातूनच निघतात, म्हणजे त्याही जवळपास ठरलेल्या. आपल्या घरात पितांबर हळदी पिवळा आहे, शेला लाल, गौरींसाठी काढलेल्या दोन पैठण्या राणी आणि आमसुली. या चारपाच गोष्टी बाजारात मिळणाऱ्या कशालाही जुळवून घेणार नाहीत, बाजारातलं त्यांना जुळायला हवं. पितांबराचा तुकडा अर्थातच मिळत नाही. मूर्ती बघायला कारखान्यात गेलात तर मॅचिंग सेंटरमधून आणलेले दोनतीन पिवळे तुकडे सोबत न्या, मूर्तीशेजारी धरा आणि जो जुळेल तो बोर्डावर लावा. पैठणीच्या जागी तिच्या ब्लाउजची शिवणीतली कापलेली पट्टी चालते. ती नसेल तर राणी रंगाचा रुबियाचा तुकडा साडीवर ठेवून जुळवून घ्यावा.

बोर्डासाठी पार्सलच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा पुरतो, साधारण २२ बाय ३० इंच. त्यावर पांढरा कागद लावून भागत नाही. घर रंगवताना उरलेला रंग डब्यात असेल तर तो एका ड्रॉइंग शीटला दोन हात द्या आणि ती शीट पुठ्ठ्यावर लावा. कापड ज्या भिंतीवर जाणार तिचाच रंग मागे हवा. पांढऱ्यावर मोहरी रंग ठसठशीत दिसतो आणि क्रीमवर तोच विरघळतो. तुकडे फेविकॉलने चिकटवू नका, गोंद बारीक कापडातून वर येतो आणि रंग गडद दिसतो. टाचण्या लावा, म्हणजे तुकडे हलवता येतात. बोर्डाचं निम्मं काम हलवण्यातच आहे.

आता फोटो. १४० मधले जे सार्वजनिक मंडळाच्या मंडपातले आहेत, ज्यांत छत १५ फुटांवर आहे, ते आधी काढून टाका. दहा फुटी भिंतीवर त्यातलं काही उतरत नाही. एकाच आराशीचे चार कोन असतील तर एकच ठेवा. असं करत २४ उरू द्या, आणि हे २४ काळ्या-पांढऱ्यात छापून घ्या, ए-फोर कागदावर सहा-सहा, म्हणजे चार कागद. झेरॉक्सच्या दुकानात हे पाच मिनिटांचं काम आहे. रंग काढून टाकला की डोळे रंगाला भुलणं थांबतं आणि मांडणी दिसायला लागते: पडदा सपाट आहे की चुण्यांचा, मूर्तीभोवती मोकळी जागा किती सोडली आहे, समया किती लांब आहेत, फुलं एका ठिकाणी आहेत की पसरलेली.

प्रत्येक फोटोखाली पेन्सिलने एकच उत्तर लिहायचं: यातलं नेमकं काय आवडलं म्हणून हा ठेवला? 'छान दिसतंय' हे उत्तर धरायचं नाही. वस्तू किंवा जागा सांगता आली पाहिजे. घरातल्या प्रत्येकाने आपापलं लिहावं, आजीनेसुद्धा. "मखर सुनं दिसायला नको" हे तिचं म्हणणं कुठल्या फोटोकडे बोट दाखवून येतं, ते कळणं फार मोलाचं आहे. मग मोजायचं. आपल्या घरात धरा असं निघालं: २४ पैकी १७ फोटोंत मागे एकाच रंगाचा सपाट पडदा आवडला आहे, १३ मध्ये खरी पानं किंवा फुलं, ११ मध्ये पितळेच्या समया आणि मोकळी फरशी. कमान किंवा खांब फक्त तिघांत. म्हणजे तोंडाने सगळे 'राजवाडा' म्हणत होते, पण निवड सारखी जात होती जुन्या घराच्या माजघराकडे. सपाट कापड, पितळ, पानं, जागा. हे मोजणं खरेदीच्या आधी झालं नसतं तर कमानीच्या सांगाड्यावर पैसे आणि दोन शनिवार गेले असते. थीमचं नाव आता बदलायचं: 'माजघर'. आजीचा 'सुनं नको' हा मुद्दा पानाफुलांच्या फोटोंवर उतरला असेल तर तोही यात बसतो. या २४ मधले पाचच फोटो कापून बोर्डाच्या डाव्या कडेला लावायचे. पाचाच्या वर गेलं की बोर्ड परत फोनची गॅलरी होतो.

उजवीकडे कापड. इथे एक माप पाळलं तर बोर्ड खूप काही सांगतो: एक फुटाला एक इंच. मागचा पडदा ६ फूट रुंद, ७ फूट उंच हवा असेल तर त्याचा तुकडा ६ बाय ७ इंचांचा. टेबल ३ फूट रुंद आणि अडीच फूट उंच, तर त्याच्या पुढच्या झालरीचा तुकडा ३ बाय अडीच इंचांचा, पडद्याच्या खालच्या कडेवर मधोमध. चौरंगाचं कापड दीड इंच. गौरी प्रत्येकी दीड इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच पट्टी. दुकानातून मिळालेले नमुने सगळे सारख्याच मापाचे असतात, दोन-दोन इंचांचे, आणि ते तसेच ओळीने लावले तर प्रत्येक रंगाला सारखंच वजन मिळतं. प्रत्यक्षात पडदा ४२ चौरस फूट असतो आणि चौरंगाचं कापड जेमतेम दोन-अडीच. दोन इंचांच्या चौकोनात गोड वाटणारा रंग ४२ चौरस फुटांवर अंगावर येऊ शकतो. मापात कापलेले तुकडे हे बोर्डावरच दाखवून देतात.

सहा-सात इंचांचा तुकडा कुणी फुकट देत नाही, आणि मागूही नये. पाव मीटर विकत घ्यावा, पूर्ण पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, त्यातून हवे तेवढे तुकडे निघतात. घाऊक दुकानदार ताका कापत नाहीत. नौपाड्यात, गोखले रोडला, नेरूळ-वाशीलाही मॅचिंग सेंटर असतात, तिथे पाव मीटरला सहसा नाही म्हणत नाहीत. नुसता रंग तपासायचा असेल तर टू बाय टू रुबियासारखी सोय नाही. एकाच हिरव्याच्या पाच-सहा छटा तिथे शेजारी शेजारी रचलेल्या असतात आणि शेड नंबरही मिळतो. मात्र रुबियाला चमक नसते. छटा ठरवायला तो घ्या, शेवटचा निर्णय ज्या कापडाचा पडदा होणार त्याच्याच तुकड्यावर करा. साटनवर आणि खणावर तोच हिरवा वेगळा दिसतो.

माजघर म्हटल्यावर खण येणारच. खणाचा तुकडा हातात घेऊन खिडकीशी उभं राहा. उभा धागा बहुतेक वेळा एका रंगाचा असतो आणि आडवा दुसऱ्या. तुकडा सरळ धरला तर बाटली हिरवा, जरा तिरका केला की त्यातून राणीची झाक येते, आणि आडवा फिरवला तर वेगळंच कापड वाटावं इतका फरक पडतो. हीच धूप-छाँव खणाचं सौंदर्य आहे, आणि बोर्डावर चुकायची जागाही. पडदा जसा टांगला जाणार, काठ उभे, तसाच तुकडा टाचायचा. घाईत आडवा टाचला तर आपण वेगळाच रंग पसंत करतो. प्रत्येक तुकड्याच्या मागे, काठाच्या दिशेने, पेनाने एक बाण काढून ठेवला की हा घोळ होत नाही.

बोर्डाची एक मर्यादा इथेच सांगायला हवी. एक फुटाला एक इंच हे माप रंगाच्या वाटणीला लागू आहे, नक्षीला नाही. बोर्डावरच्या सहा इंची तुकड्यात खणाच्या बुट्ट्या प्रत्यक्षातल्या तुलनेत बारा पट मोठ्या दिसतात. तिथे बुट्टी उठून दिसते म्हणून भिंतीवरही दिसेल असं नाही. त्यासाठी उरलेला पाव मीटर सरळ भिंतीवर टाचून आठ-दहा फूट मागे, हॉलच्या दारात जाऊन बघायचं. खणाची बारीक बुट्टी तिथून दिसत नाही, फक्त रंगाला एक मऊ खोली येते. ती तशीच हवी असेल तर उत्तम. नक्षी लांबून ओळखू यायला हवी असेल तर मोठ्या बुट्टीचं कापड बघावं लागेल.

आता तीन तुकडे पडद्याच्या जागेसाठी उमेदवार आहेत: मरून खण, मोहरी सुती आणि बाटली हिरवा खण. बोर्ड ज्या भिंतीशी गणपती बसणार तिथे टेबलावर उभा करायचा आणि तीनदा बघायचा. सकाळी दहाला बाल्कनीच्या उजेडात. अंधार पडल्यावर हॉलच्या पांढऱ्या एलईडीखाली. आणि आरतीच्या वेळी, साडेसातच्या सुमारास, पांढरा दिवा बंद करून माळा आणि समई लावून. घरातल्या पांढऱ्या एलईडीच्या खोक्यावर बहुधा ६५०० केल्विन छापलेलं असतं, उबदार पिवळ्या माळांवर किंवा बल्बवर २७०० ते ३०००. हा आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळा. पिवळ्या उजेडात निळा अंश फार थोडा असतो, म्हणून ज्या रंगात निळा आहे ते सगळे त्याखाली काळवंडतात: नेव्ही ब्लू काळा होतो, जांभळा तपकिरी, आमसुली जवळपास काळा. उलट पिवळा, केशरी, जरी आणि पितळ खुलून येतात.

आपल्या तीन तुकड्यांचं काय झालं ते पाहू. मरून खण सकाळी राजेशाही वाटला. साडेसातला त्यातलं जांभळट अंग गेलं आणि उरला शेंगदाण्याच्या सालासारखा तपकिरी. मोहरी तिन्ही उजेडांत टिकला, पण तो हळदी पितांबरामागे आला की मूर्तीची कडाच दिसेना, आणि दुसऱ्या बाजूला क्रीम भिंतीतही मिसळून गेला. बाटली हिरवा संध्याकाळी थोडा खोल झाला, पण हिरवाच राहिला, आणि पिवळा पितांबर त्याच्यापुढे दिव्यासारखा उठला. पडदा हिरवा. मोहरी वाया गेला नाही, तो टेबलाच्या झालरीला गेला. तिथे त्याच्यापुढे पितळेच्या समया येतात आणि वर हिरव्याची कड असते, त्यामुळे तो मिसळत नाही.

डोळ्यांना खात्री वाटत नसेल तर बोर्डाचा फोटो काढून तो फोनमध्येच काळा-पांढरा करून बघा. दोन तुकडे एकाच राखाडीचे दिसले तर लांबून, मंद उजेडात ते एकमेकांत मिसळणार. आपल्या बोर्डावर या परीक्षेत दोन गोष्टी सापडतात. एक, आमसुली पैठणी आणि हिरवा खण जवळजवळ एकाच राखाडीचे. म्हणजे त्या गौरीचा मुखवटा आणि दागिने दिसतील, अंगावरची साडी पडद्यात बुडेल. दोन पर्याय आहेत: तिला पडद्याच्या बाहेर क्रीम भिंतीपुढे उभी करायची, किंवा साडी बदलायची. बाहेर नेली तर दोघी गौरी सारख्या अंतरावर राहत नाहीत, म्हणून साडी बदलणं बरं. कपाटातली लिंबू रंगाची पैठणी बोर्डावर राणीच्या जोडीला आणली की दोघी सारख्याच उठून दिसतात. दुसरी गोष्ट, जास्वंदीचा लाल आणि बाटली हिरवाही राखाडीत शेजारी शेजारी. जवळून लाल फूल हिरव्यावर सुंदर दिसतं, दहा फुटांवरून मंद उजेडात ते विझतं. जास्वंद बाप्पाच्या पायाशी, मोहरी झालरीच्या वर ठेवावं, आणि पडद्यावर टांगायचं तर झेंडू.

फुलं आणि पानं हीसुद्धा कापडाइतकीच रंगाची वस्तू आहेत, आणि बोर्डावर त्यांना बहुतेक वेळा जागाच मिळत नाही. खाली भाजीवालीकडून केळीच्या पानाचा एक तुकडा, दोन झेंडू आणि दूर्वांची एक काडी आणून बोर्डावर ठेवून बघायला दहा मिनिटं लागतात. आपल्या घरात तिथे मोठा दोष उघडा पडतो. पाचपैकी तीन फोटोंत केळीचे खुंट पडद्यासमोर आहेत, कारण त्या फोटोंत पडदा पांढरा किंवा पिवळा आहे. आपल्या हिरव्यावर केळीचं पान ठेवलं की ते दिसेनासंच होतं, हिरव्यात हिरवं. मांडणी बरोबर आणि रंगही बरोबर असतो, दोन्ही एकत्र आले की बिघडतं. उपाय सोपा निघतो. भिंत १० फूट आणि पडदा ६ फूट, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट क्रीम भिंत मोकळी आहे. खुंट तिथे उभे करायचे. क्रीमवर पानाची प्रत्येक शीर दिसते आणि पडद्याला आपोआप चौकट मिळते. बोर्डावर पानाच्या पट्ट्या दोन्ही कडांना सरकवल्या की हे तिथल्या तिथे पटतं.

थीम ठरली की बोर्डावरूनच मीटर निघतात. हातमागाच्या खणाचा पन्हा अरुंद असतो. इथे ३१ इंच धरू, घेताना दुकानात टेपने मोजून घ्या. पडद्याची उंची ७ फूट म्हणजे ८४ इंच. वर रॉड जायला ६ इंच आणि खाली दुमडायला ३, असे एका पट्टीला ९३ इंच, म्हणजे २.४ मीटर. ७२ इंच रुंदीला अशा तीन पट्ट्या लागतात, एकूण ७.२ मीटर. साडेसात घ्यावं, कारण ताक्याचं टोक क्वचितच सरळ कापलेलं असतं. तीन पट्ट्या जोडून ९१ इंच भरतात, जास्तीचे १९ इंच दोन्ही कडांना साडेनऊ-साडेनऊ मागे वळवले की कड जाड आणि सरळ दिसते. पारंपरिक खणाला दोन्ही बाजूंनी काठ असतात, त्यामुळे जोडाच्या जागी पडद्यावर दोन उभ्या रेघा येणारच. त्या लपवायला जाऊ नका. मधली पट्टी बरोबर मूर्तीच्या मागे आली की तेच दोन काठ खांबांचं काम करतात, आणि 'राजवाडा' म्हणणाऱ्यांनाही त्यांचे खांब मिळतात.

खण सपाटच लावायचा, त्याच्या चुण्या करू नयेत. ताठपणामुळे त्या फुगतात आणि बुट्टीही मोडते. पण कुणाच्या बोर्डावर फोटोतला चुण्यांचा पडदाच जिंकला असेल तर त्यांचा हिशेब वेगळा आहे, आणि कापड कमी पडतं ते नेमकं इथेच. चुण्या नीट पडायला रुंदीच्या दुप्पट कापड लागतं. ७२ इंचांच्या जागेला १४४ इंच. कापडाचा पन्हा ४४ इंच असेल तर सपाट पडद्याला दोन पट्ट्या पुरतात, जेमतेम ५ मीटर. चुण्यांसाठी चार पट्ट्या, म्हणजे ९.६ मीटर, धरा १०. पाच मीटर आणून त्यातच चुण्या पाडल्या की मधे मधे भिंत दिसायला लागते.

टेबलाची झालर मोहरी सुतीची. पुढची ३ फूट आणि दोन बाजूंचे दोन-दोन, असे ७ फूट. पन्हा उंचीला येईल असं कापड आडवं धरलं तर २.३ मीटर पुरतं, टेबलावर अंथरायला १.१, मिळून साडेतीन मीटर. चौरंगाला राणी, एक मीटर. दुसऱ्या गौरीची साडी बदलली तरी राणी बोर्डावरून हलला नाही, कारण खणातली झाक तीच आहे.

कापडाच्या आराशीत विस्तवाचा विचार बोर्डाच्या टप्प्यावरच झाला पाहिजे. राज्यात २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि कापडाचे पडदे वाढले, पण समई आणि निरांजन जिथल्या तिथेच आहेत. उरलेल्या तुकड्याची बोटभर पट्टी चिमट्यात धरून सिंकवर पेटवून बघा. सुती कापड कागदासारखं जळतं आणि त्याची हलकी राख होते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी धरतं. तो वितळलेला थेंब हातावर पडला तर चिकटून भाजतो. नेट, साटन, टिश्यू यांतलं बरंचसं कापड हे दुसरं असतं. यातलं कुठलंही कापड वापरायला हरकत नाही, पण पेटलेली ज्योत कापडापासून निदान दोन फूट लांब हवी, आणि ज्या जागी पंखा लागल्यावर पडदा हलतो तिथून आणखी लांब. बोर्डावर हे दोन इंच होतात. समईची जागा पेन्सिलने दाखवून पट्टी लावली की लगेच कळतं, टेबलावर समया बसतात की खाली फरशीवर उतरवाव्या लागतात. आपल्या घरात त्या फरशीवर, टेबलापासून दोन फूट पुढे उतरल्या, आणि ११ फोटोंत आवडलेली मोकळी फरशी त्यांनाच मिळाली.

वेळेचं म्हणाल तर नारळी पौर्णिमेपासून गणेश चतुर्थीपर्यंत साधारण १९ दिवस मिळतात. पौर्णिमेला बोर्ड पूर्ण असावा. त्यानंतरचा पहिला आठवडा खरेदीचा. शेवटच्या आठवड्यात कापड मिळतं, पण एकाच ताक्यातलं साडेसात मीटर मिळेलच असं नाही, आणि दोन ताक्यांचा रंग एकाच शेड नंबरखालीही किंचित वेगळा असतो. भिंतीवर तीन पट्ट्या शेजारी आल्या की तो किंचित फरक स्पष्ट दिसतो.

बाजारात अख्खा पुठ्ठा न्यायची गरज नाही, पावसात तो भिजतोच. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर ठरलेले तीन तुकडे स्टेपल करा, काठाच्या दिशेचा बाण दाखवून, आणि प्रत्येकाच्या शेजारी लिहा: कशासाठी, किती मीटर, किती पन्हा धरला आहे, शेड नंबर, तुकडा कुठल्या दुकानातला. खाली मूर्तीच्या पितांबराला जुळलेला पिवळा आणि साड्यांच्या दोन पट्ट्या. हे कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये. पन्हा वेगळा निघाला तर पट्ट्यांची संख्या तिथेच पुन्हा मोजायची. ३१ ऐवजी ४४ निघाला तर दोन पट्ट्यांत भागेल, ४.८ मीटर, धरा पाच. पण मग जोड बरोबर मूर्तीच्या मागे मधोमध येतो. तो टाळायला एक पट्टी अख्खी मधे ठेवून दुसरी उभी चिरून दोन बाजूंना लावावी लागते. काठ मग एकाच बाजूला उरतात, ते आतल्या जोडाकडे वळवून घ्यायचे.

दुकानात कापड दिव्याखाली बघून हो म्हणू नका. पावसाळ्यात गल्लीवर निळी ताडपत्री ताणलेली असेल तर दारातला उजेडही निळसर असतो. त्याखाली हिरवा जास्तच गार आणि राणी जांभळी वाटते. ताडपत्री संपते तिथवर जावं लागलं तरी जावं. "दादा, ताका जरा बाहेरच्या उजेडात आणता का?" असं म्हटलं तर बहुतेक जण आणतात. आणि तुकडा त्याच उजेडात ताक्यावर ठेवायचा, शेजारी नव्हे, बरोबर वर, बाणाची दिशा जुळवून. त्याची कड दिसेनाशी झाली तर तोच रंग. कड दिसत राहिली तर जवळचा आहे, तोच नाही. अशा वेळी कार्डावरच्या पिवळ्याशी आणि साड्यांच्या पट्ट्यांशी तो नवा रंग पुन्हा लावून बघायचा. त्यांच्याशी जमला तर घ्यावा, नाही जमला तर पुढच्या दुकानात.

साडेसात मीटर कापायच्या आधी दुकानदाराला ताका पूर्ण उलगडायला सांगा. आतल्या घडीवर उन्हाने उडालेली फिकट रेघ किंवा तुटलेला धागा असतो तो तेव्हाच दिसतो. पट्ट्यांची लांबी २.४ मीटर आहे, तेव्हा डाग कुठे आहे ते मोजून त्याच्या आधी किंवा नंतर पट्टी पाडता येते का ते बघा. येत असेल तर तेवढे सेंटीमीटर जास्त मागून घ्या, आणि मगच कात्री लावू द्या.